वेगाला पट्टा, ओढीला साखळी

दिवसाला २,५०० टन ऊस गाळणाऱ्या साखर कारखान्यात शेवटच्या मिलमधून रोज सुमारे ७०० टन बगॅस बाहेर पडते. त्यात निम्मे पाणीच असते. ही ओली, भुरभुरीत, चिकट बगॅस एका लांब कॅरिअरवरून बॉयलरपर्यंत जाते आणि तीच बॉयलरचे इंधन असते. कॅरिअर बंद पडला तर थोड्याच वेळात वाफेचा दाब उतरू लागतो, वाफ उतरली की मिल थांबते, आणि मिल थांबली की गव्हाणीबाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते. मिल हाउसमधल्या प्रचंड रोलर्सच्या मानाने किरकोळ वाटणाऱ्या या यंत्राला चालवणारी मोटर दहा अश्वशक्तीचीही असू शकते. पण तिची शक्ती कॅरिअरच्या मुख्य शाफ्टपर्यंत कशी पोहोचवायची, पट्ट्याने की साखळीने, हा वाद ऑफ सीझनच्या दुरुस्तीत हमखास निघतो.

वादाच्या दोन्ही बाजू ठरलेल्या आहेत. एक पक्ष म्हणतो, साखळीच भक्कम. पट्टा घसरतो, पावसाळ्यात तर हमखास. दुसरा पक्ष म्हणतो, पट्टाच बरा. तेल नको, आवाज नाही, आणि कॅरिअर अडकला तर पट्टा घसरून मोटर वाचवतो. दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे. चूक आहे ती प्रश्नात. मोटरच्या शाफ्टवर आणि कॅरिअरच्या शाफ्टवर शक्ती जवळपास तेवढीच असते, पण तिचे रूप अगदी वेगळे असते. एका टोकाला वेग जास्त आणि ओढ कमी, दुसऱ्या टोकाला वेग कमी आणि ओढ प्रचंड. पट्टा आणि साखळी यांची तुलना या दोन टोकांवर वेगवेगळी करावी लागते.

त्यासाठी एक ठरावीक मांडणी डोळ्यांपुढे ठेवू. मोटर ७.५ किलोवॉटची, मिनिटाला १,४४० फेरे. कॅरिअरचा मुख्य शाफ्ट मिनिटाला ३० फेरे फिरायला हवा, म्हणजे वेग ४८ पटीने उतरवायचा. तो तीन टप्प्यांत उतरतो: मोटरपासून गिअरबॉक्सपर्यंत २ पट, गिअरबॉक्समध्ये १२ पट, आणि गिअरबॉक्सपासून मुख्य शाफ्टपर्यंत पुन्हा २ पट. पहिल्या टप्प्यावर वेग १,४४० वरून ७२० होतो, शेवटच्या टप्प्यावर ६० वरून ३०. गुणोत्तर दोन्हीकडे तेच, २. तरीही पहिल्या टप्प्यावर जे शहाणपणाचे, ते शेवटच्या टप्प्यावर चुकीचे ठरते.

पहिला मुद्दा घसरण्याचा. पट्टा घर्षणावर चालतो. चालत्या पट्ट्याची एक बाजू घट्ट असते, ती ओढते. दुसरी सैल असते, ती परत येते. घट्ट बाजूला पट्टा किंचित ताणलेला आणि सैल बाजूला किंचित आखडलेला असतो. त्यामुळे पुलीवरून जाताना त्याची लांबी सतत थोडी बदलते आणि तो पुलीवर सूक्ष्मपणे सरकत राहतो. हे सरकणे रबराच्या लवचिकतेतून येते. ते टाळता येत नाही आणि त्यात दोषही नाही. चांगल्या व्ही-बेल्टमध्ये त्यामुळे साधारण एक टक्क्याच्या आसपास वेग कमी होतो. खरी घसरण वेगळी. घट्ट आणि सैल बाजूंच्या ताणातला फरक घर्षणाच्या आवाक्याबाहेर गेला, की पट्टा पुलीच्या सगळ्या कमानीवर एकदम निसटतो.

दोन्हींतला फरक मोजता येतो. आपल्या कॅरिअरचा मुख्य शाफ्ट कागदावर ३० फेरे फिरायला हवा. भार असताना टॅकोमीटरने २९.५ फेरे दाखवले, तर पट्ट्याचे आणि मोटरचे नेहमीचे वर्तन समजावे. २८ दाखवले, तर कुठेतरी जवळपास सात टक्के हरवले आहेत. गिअरबॉक्स आणि साखळी दातांवर चालतात, ती एक फेराही चुकवू शकत नाहीत. मग उरतात मोटर आणि पट्टा. मोटरच्या शाफ्टवरचे आणि गिअरबॉक्सच्या इनपुटचे फेरे मोजले की चोर सापडतो. साखळी असलेल्या टप्प्यावर हा तपासच नको, आणि साखळीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा निर्विवाद आहे.

घसरलेली शक्ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. ७.५ किलोवॉटच्या पट्ट्यात पाच टक्के घसरण राहिली, तर ३७५ वॉट सतत पुलीच्या खाचांमध्ये जळत राहतात. दीडशे दिवसांच्या हंगामात, चोवीस तास चालताना, हे १,३५० युनिट होतात. विजेपेक्षाही पट्ट्याचे नुकसान मोठे असते. रबर तापून कडक होते, त्याच्या कडांवर काचेसारखी चकाकी येते, घर्षण आणखी कमी होते, आणि घसरण आणखी वाढते. गार्डच्या खाली साचलेली काळी भुकटी आणि सुरू करतानाची लांबलेली किंचाळी ही त्याची लक्षणे. शेजारी सुक्या बगॅसचा बारीक धुरळा बसलेला असेल तर तापलेली पुली हा आगीचाही धोका असतो.

‘पट्टा घसरतो म्हणून मोटर वाचते’ हे म्हणणे इथे तपासून घ्यावे लागते. कॅरिअरमध्ये लोखंडाचा तुकडा अडकला आणि शाफ्ट जागच्या जागी थांबला, तर पट्टा घसरेल हे खरे. पण किती ताणाला घसरेल हे तो कधी घट्ट केला, त्यावर किती धूळ आहे, हवा दमट आहे की कोरडी, यावर ठरते. नेमक्या क्षणी तुटणारी फ्यूज म्हणून त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय थांबलेल्या शाफ्टवर पूर्ण वेगाने फिरणारी पुली थोड्याच वेळात पट्टा करपवते. मोटर वाचवायची असेल तर ओव्हरलोड रिले नीट बसवावा, आणि यंत्र वाचवायचे असेल तर साखळीच्या स्प्रॉकेटच्या हबमध्ये शिअर पिन द्यावी. ठरलेल्या भाराला ती पिन तुटते, स्प्रॉकेट मोकळे फिरते आणि बाकी सगळे शाबूत राहते. अर्थात तिच्या जागी हाताशी येईल तो बोल्ट ठोकला नाही तर.

दुसरा मुद्दा ताणाच्या गुणोत्तराचा. या वादाचे खरे उत्तर इथे आहे, पण चर्चेत तो क्वचित येतो.

घट्ट बाजूचा ताण T1 आणि सैल बाजूचा ताण T2 धरला, तर पट्टा न घसरता जास्तीत जास्त किती गुणोत्तर पेलू शकतो, याचे सूत्र लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाच्या आणि पुढे योहान आयटेलवाइन या अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते:

T1/T2 = e^(μθ)

यात μ म्हणजे घर्षणांक आणि θ म्हणजे पट्टा पुलीला किती कोनात कवटाळतो ते. पट्टा अर्धी पुली कवटाळत असेल आणि घर्षणांक ०.३ असेल, तर सपाट पट्ट्यासाठी हे गुणोत्तर २.५७ येते. म्हणजे घट्ट बाजूला २५७ न्यूटनची ओढ हवी असेल, तर सैल बाजूलाही किमान १०० न्यूटन ठेवलेच पाहिजेत. उपयोगी पडतात ते फक्त मधले १५७. सैल बाजूचे १०० काम काहीच करत नाहीत. पट्टा पुलीला चिकटून राहावा यासाठी द्यावे लागणारे ते भाडे आहे.

अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबरी व्ही-बेल्ट आणला, त्याने हे भाडे खाली आणले. व्ही-बेल्ट खाचेच्या तळावर टेकत नाही, दोन्ही तिरप्या भिंतींमध्ये पाचरीसारखा बसतो. खाचेचा कोन ३८ अंशांचा असेल तर तेच ०.३ घर्षण तिप्पट असल्यासारखे वागते, आणि अर्ध्या कवटाळीत गुणोत्तर कागदावर १८ पर्यंत जाते. प्रत्यक्षात कोणी इतके धरत नाही. धूळ, झीज, ओलावा यांना जागा ठेवून व्ही-बेल्टसाठी ५ च्या आसपास गुणोत्तर धरण्याची पद्धत आहे.

आता आपल्या पहिल्या टप्प्याचा हिशेब. मोटरवर १५० मिलीमीटरची पुली, गिअरबॉक्सवर ३०० मिलीमीटरची. पट्ट्याचा वेग सेकंदाला ११.३ मीटर येतो. ७,५०० वॉटला त्याने भागले की लागणारी ओढ मिळते ६६३ न्यूटन, म्हणजे सुमारे ६८ किलो वजनाएवढी. गुणोत्तर ५ धरले तर सैल बाजूला १६६ आणि घट्ट बाजूला ८२९ न्यूटन. दोन्ही मिळून मोटरच्या शाफ्टवर जेमतेम हजार न्यूटनचा भार पडतो. दहा अश्वशक्तीच्या मोटरच्या बेअरिंगला तो जड नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा हजार न्यूटनचा भार यंत्र बंद असतानाही शाफ्टवर असतो. पट्टा बसवताना प्रत्येक बाजूला साधारण ५०० न्यूटन ताण दिलेला असतो. यंत्र चालू झाले की एका बाजूचा वाढतो, दुसऱ्या बाजूचा तेवढाच घटतो, बेरीज जवळपास तशीच राहते. त्यामुळे पट्टा जास्तीत जास्त किती ओढू शकेल याची कमाल मर्यादा बसवण्याच्या वेळीच ठरते. बेरीज हजार असेल तर दोन बाजूंतला फरक काही केल्या हजाराच्या वर जाऊ शकत नाही. मोटर थेट सुरू केली तर ती नेहमीच्या दुप्पट किंवा जास्त जोर लावते. त्यातला काही भाग तिचा स्वतःचा रोटर फिरवण्यात जातो, उरलेला पट्ट्यावर येतो. भरलेला कॅरिअर सुरू करताना पट्टा क्षणभर किंचाळतो तो यामुळेच. म्हणून पट्ट्यांची संख्या आणि त्यांचा ताण ठरवताना ७.५ किलोवॉटला १.३ ते १.४ ने गुणून घ्यावे लागते.

हाच नियम बेल्ट कन्व्हेअरच्या ड्रमलाही लागू आहे. कोरड्या पोलादी ड्रमवर घर्षण ०.३ असेल तर गुणोत्तर २.५७. पावसात ड्रम ओला आणि चिखलाळ होऊन घर्षण ०.१ वर आले, की तेच गुणोत्तर १.३७ वर कोसळते. ड्रम फिरत राहतो, बेल्ट उभा राहतो. पलीकडे स्नब पुली लावून कवटाळ २१० अंशांवर नेली तर कोरड्या ड्रमचे गुणोत्तर ३ होते. ड्रमला खाचा असलेले रबरी लॅगिंग केले तर ओल्यातही पकड राहते. नुसता टेक-अप आवळत राहणे हा त्यावरचा सगळ्यात महाग उपाय, कारण त्याने बेल्ट, जोड आणि बेअरिंगे तिन्हींवर कायमचा भार वाढतो.

साखळीला हे भाडे द्यावेच लागत नाही. ती दातावर ओढते, घर्षणावर नाही. तिच्या सैल बाजूला ताण असतो तो फक्त तिच्या स्वतःच्या वजनामुळे पडलेल्या झोळाचा.

शेवटच्या टप्प्यावर हा फरक निर्णायक होतो. गिअरबॉक्समधून बाहेर पडेपर्यंत शक्ती सुमारे ७ किलोवॉट उरली असे धरू. शाफ्ट मिनिटाला ६० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला एक. त्यावर सव्वा इंची पिचची, २०बी प्रकारची साखळी आणि १९ दातांचे स्प्रॉकेट बसवले, तर स्प्रॉकेटचा व्यास १९३ मिलीमीटर आणि साखळीचा वेग सेकंदाला ०.६ मीटर येतो. ओढ होते सुमारे ११,५०० न्यूटन, जवळजवळ पावणेबारा क्विंटल. या साखळीचे किमान तुटण्याचे बळ ९५,००० न्यूटन असते, त्यामुळे आठपट सुरक्षितता मिळते. एक मीटर अंतरावरच्या शाफ्टमध्ये दोन टक्के झोळ ठेवला तर सैल बाजूचा ताण अवघा सव्वादोनशे न्यूटनच्या आसपास येतो. ताणाचे गुणोत्तर ५० झाले, आणि तरीही घसरण्याचा प्रश्न नाही.

याच जागी तेवढ्याच व्यासाच्या पुलीवर व्ही-बेल्ट बसवला तर? उपयोगी ओढ तीच, ११,५०० न्यूटन. गुणोत्तर ५ ठेवायचे म्हणजे सैल बाजूला जवळपास २,९०० आणि घट्ट बाजूला १४,४०० न्यूटन. शाफ्टवर एकूण भार १७,००० च्या वर जातो, साखळीच्या दीडपट. इतकी ओढ पेलायला एक-दोन पट्टे पुरत नाहीत, जाड पट्ट्यांची रांगच लागते. ओढ कमी करायला पुली मोठ्या कराव्यात म्हटले तर छोटी पुली ४०० आणि मोठी ८०० मिलीमीटरची होते, आणि ती बसवायला कॅरिअरच्या तोंडाशी जागा नसते. साखळी इथे भक्कम ठरते ती पोलादाची आहे म्हणून कमी आणि तिला सैल बाजूचा ताण लागत नाही म्हणून जास्त.

मग तीच साखळी मोटरवर का बसवू नये? कारण साखळी गोल चाकावर फिरत नाही, बहुकोनावर फिरते. प्रत्येक दात म्हणजे बहुकोनाची एक बाजू. चाक एकसारखे फिरत असले तरी साखळीचा वेग प्रत्येक दाताला थोडा वाढतो, थोडा कमी होतो. ११ दातांच्या स्प्रॉकेटवर हा चढउतार ४ टक्क्यांचा असतो, १९ दातांवर १.४ टक्क्यांचा. मिनिटाला ६० फेऱ्यांना तो कोणाच्या लक्षातही येत नाही. १,४४० फेऱ्यांना मात्र १९ दातांवर सेकंदाला साडेचारशेहून जास्त ठोके बसतात. आवाज वाढतो, रोलर दातावर आदळत राहतात, आणि तेलात बुडवून किंवा तेलाचा फवारा देऊनच साखळी टिकते. त्यासाठी बंद पेटी लागते. बगॅसच्या धुरळ्यात ती पेटी स्वच्छ ठेवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. तिथे पट्टा सुखाने, शांतपणे आणि तेलाशिवाय चालतो, मोटरचे झटकेही थोडे पचवतो.

तिसरा मुद्दा झिजेचा. दोघे वेगवेगळ्या ठिकाणी झिजतात, आणि ते ठिकाण माहीत नसेल तर झीज दिसतच नाही.

साखळी ‘ताणली’ असे म्हणतात, पण तिच्या पट्ट्या ताणलेल्या नसतात. हान्स रेनोल्ड या स्विस अभियंत्याने १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले. तिची खुबी अशी, की दातावर रोलर फिरतो आणि वाकण्याची झीज आत, पिन आणि बुश यांच्यामध्ये होते. तिथले धातू कणाकणाने कमी होत जातात, प्रत्येक जोड किंचित लांबतो, आणि सगळ्या जोडांची मिळून साखळी लांब होते. आपल्या मांडणीत साखळीला ९२ जोड आणि लांबी २.९२ मीटर येते. ती पाच सेकंदांहून कमी वेळात एक फेरी पूर्ण करते. दीडशे दिवसांच्या हंगामात सुमारे २७ लाख फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक जोड चार वेळा हलतो: दोन्ही स्प्रॉकेटवर चढताना वाकतो आणि उतरताना सरळ होतो. म्हणजे एका हंगामात एकेक पिन आपल्या बुशमध्ये एक कोटीहून जास्त वेळा घासली जाते. ती तेलावर घासली जाते की बगॅसच्या कुरकुरीत धुळीवर, यावर साखळी किती हंगाम टिकेल ते ठरते.

मोजमाप सोपे आहे. साखळी ताणून धरून २० पिच मोजाव्यात. नवी असताना ते माप ६३५ मिलीमीटर भरते. ६४८ भरले की झीज २ टक्के झाली, आणि साखळी बदलण्याची वेळ आली. लांबलेली साखळी दाताच्या मुळाशी न बसता वर चढू लागते. भार सगळ्या दातांवर वाटला न जाता एक-दोन दातांवर येतो, दातांचे आकडे होतात, आणि शेवटी झटक्याला साखळी दात सोडून उडी मारते. न घसरणारी म्हणून बसवलेली साखळी अशा वेळी एकदम एक अख्खा दात घसरते, तेही पावणेबारा क्विंटल ओढीखाली. आकडे झालेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली तर ती जुन्या दातांच्या मापाने झिजते आणि पैसे पाण्यात जातात. दोन्ही एकत्र बदलावेत ही गोष्ट खरेदी विभागाला पटवणे हे बहुधा फिटरपेक्षा इंजिनिअरचे काम असते.

पट्ट्याची झीज दोन ठिकाणी असते. रबर आणि दोर तर थकतातच, पण पुलीच्या खाचेच्या भिंतीही झिजून आत वळतात. नवा पट्टा खाचेत बसल्यावर त्याचा माथा पुलीच्या काठाबरोबर किंवा किंचित वर असायला हवा. तो आत बुडाला असेल आणि खाचेचा तळ चकाकत असेल, तर पट्टा तळावर टेकला आहे. पाचरीची पकड गेली, आणि व्ही-बेल्ट सपाट पट्ट्यासारखा वागू लागला. गुणोत्तर अडीचच्या आसपास आले, मग तो कितीही आवळा, घसरणारच. नवे पट्टे लावूनही किंचाळी थांबत नसेल तर दोष बहुधा पुलीत असतो. तीन पट्ट्यांपैकी एक तुटला म्हणून एकच नवा घालणे ही आणखी एक नेहमीची काटकसर. जुने दोन लांबलेले असतात, सगळा भार नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो.

चौथा मुद्दा देखभालीचा, आणि इथे सगळ्यात मोठी गफलत होते ती साखळीला पट्ट्याचा नियम लावल्याने. पट्टा आवळायचा असतो म्हणून साखळीही तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ आवळली जाते. पट्ट्याला ताण लागतो, कारण त्याशिवाय त्याला पकड नाही. साखळीला झोळ लागतो. आडव्या मांडणीत दोन शाफ्टमधल्या अंतराच्या २ ते ४ टक्के, म्हणजे एक मीटरला २० ते ४० मिलीमीटर झोळ हवा. ताठ साखळीत सैल बाजूलाही विनाकारण ताण येतो. पिन-बुशवरचा दाब एका क्षणालाही उतरत नाही, तेलाला आत शिरायला फट मिळत नाही, आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग फुकट भार वाहते. साखळी ज्या भाड्यातून सुटली होती, ते तिच्यावर पुन्हा लादल्यासारखे होते.

तेलाचेही तसेच. साखळीवर बाहेरून थापलेले ग्रीस देखणे दिसते, पण झीज होते तिथे, पिन आणि बुशच्या मधे, ते पोहोचत नाही. उलट बगॅसची धूळ धरून त्याचा घासणारा लेप तयार होतो. पातळ तेल सैल बाजूला, आतल्या अंगाने, पट्ट्यांच्या फटींत घालायचे असते. फिरताना ते आपोआप बाहेरच्या दिशेला जोडांत जाते. जोडांतून तांबूस गंजासारखी भुकटी दिसू लागली तर आत तेल उरले नाही हे ओळखावे. उसाचा उरलासुरला रस आंबट होऊन पोलादाला खातो, म्हणून हंगाम संपल्यावर साखळी उतरवून धुऊन, तेलात बुडवून ठेवणे हा खर्च नाही, बचत आहे.

पट्ट्याला तेल नको, किंबहुना तेलाचा थेंबही नको. पण ‘पट्ट्याला देखभाल नाही’ हे म्हणणे खरे नाही. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत खाचेत बसतो आणि सैल होतो. तेव्हा तो पुन्हा ताणला नाही, तर उरलेले आयुष्य घसरण्यात जाते. शाफ्टमधले अंतर ६०० मिलीमीटर असेल, तर मधोमध उत्पादकाने दिलेल्या जोराने दाबल्यावर पट्टा साधारण ९ ते १० मिलीमीटर दबायला हवा. पहारीने उचकटून पट्टा पुलीवर चढवला तर आतले दोर तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मोटर सरकवून, पट्टा सैल घालून, मगच ताणावा. पुलींची ओळ पट्टी लावून तपासावी. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना गार्ड सक्तीचा केला, आणि तो असलाच पाहिजे. पण बंद पत्र्याच्या गार्डमागे पट्टा किंवा साखळी कोणत्या अवस्थेत आहे ते दिसत नाही. जाळीचा गार्ड केला तर सुरक्षितताही राहते आणि पाहणीही होते.

साखळीच्या टप्प्यावर आणखी एक पर्याय असतो: गिअरबॉक्स थेट मुख्य शाफ्टवरच बसवायचा आणि साखळी काढूनच टाकायची. त्याच्या इनपुटला व्ही-बेल्ट राहतो. खडी क्रशरच्या कन्व्हेअरवर ही मांडणी खूप दिसते, कारण दगडाच्या पिठात साखळी टिकत नाही. तिची किंमत जास्त असते, आणि गिअरबॉक्स बिघडला तर साखळीसारखा तासाभरात बदलता येत नाही. साखळीचा मोठा गुण तोच आहे. एक जोड तुटला तर जोडकडी घालून कारखाना त्याच पाळीत पुन्हा सुरू होतो.

म्हणून बगॅस कॅरिअरसारख्या ठिकाणी मोटरपासून गिअरबॉक्सपर्यंत व्ही-बेल्ट आणि गिअरबॉक्सपासून मुख्य शाफ्टपर्यंत रोलर साखळी ही जोडी सगळ्यात समंजस ठरते. पहिल्या जागी ओढ थोडी असल्याने पट्ट्याचे भाडे परवडते. दुसऱ्या जागी वेग थोडा असल्याने साखळीचे ठोके सोसतात. अट एकच: साखळीला प्रत्येक पाळीत तेल घालणारा माणूस नेमलेला असावा आणि तिचे २० पिचचे माप दर महिन्याला वहीत लिहिले जावे. ज्या कारखान्यात हे होणार नाही, तिथे साखळीवर पैसे घालू नयेत. शाफ्टवर बसणारा गिअरबॉक्स महाग पडला तरी तोच घ्यावा.